गुणसुधार परीक्षा : कोणी बसावे, किती विषयांना, आणि कोणते गुण धरले जातात

शालान्त परीक्षेत सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या, पण मिळालेल्या गुणांवर समाधानी नसलेल्या विद्यार्थ्याने त्याच विषयाची परीक्षा पुन्हा देणे म्हणजे गुणसुधार परीक्षा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परिपत्रकांत तिला ‘श्रेणीसुधार’ किंवा ‘गुणसुधार’ योजना म्हणतात. केंद्रीय मंडळाच्या म्हणजे सीबीएसईच्या शाळांत ‘इम्प्रूव्हमेंट’ हाच शब्द सर्रास चालतो. निकालानंतरच्या आठवड्यात शाळेच्या कार्यालयात तीन गोष्टींची हमखास गल्लत होते. पुरवणी परीक्षा अनुत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी असते. पुनर्मूल्यांकनात विद्यार्थी पुन्हा काही लिहीत नाही, आधी लिहिलेली उत्तरपत्रिकाच पुन्हा तपासली जाते. गुणसुधारात मात्र उत्तीर्ण विद्यार्थी नवी प्रश्नपत्रिका सोडवतो. पुरवणी आणि गुणसुधार या दोन्ही परीक्षा बहुतेक वेळा एकाच दिवशी, एकाच वर्गात, एकाच प्रश्नपत्रिकेवर होतात, त्यामुळे हा घोळ वाढतो. एका बाकावर गणितात नापास झालेला मुलगा असतो आणि शेजारच्या बाकावर गणितात ७२ गुण मिळवलेली मुलगी. दोघांचा पेपर एकच असतो, पण त्यांना लागू होणारे नियम वेगळे असतात.

हे नियम मंडळागणिक बदलतात आणि एकाच मंडळात वर्षागणिकही बदलतात. तरी प्रत्येक योजना तीन प्रश्नांवर उभी असते. कोणाला बसता येते, किती विषयांना बसता येते, आणि दोनदा मिळालेल्या गुणांपैकी कोणते धरायचे. पालक पहिल्या दोन प्रश्नांची चौकशी करतात. तिसरा बहुधा निकाल लागल्यावर आठवतो, आणि विद्यार्थ्याचे खरे नुकसान त्याच प्रश्नावर होऊ शकते. २०२१ साली सीबीएसईच्या बारावीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते घडले.

करोनामुळे त्या वर्षी बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली. मंडळाने १७ जून २०२१ रोजी निकालाचे सूत्र जाहीर केले. दहावीच्या गुणांना ३० टक्के, अकरावीच्या गुणांना ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातील चाचण्या व सराव परीक्षांना ४० टक्के भार देऊन निकाल लावण्यात आला. ज्यांना हा निकाल अपुरा वाटला, त्यांच्यासाठी परिस्थिती निवळल्यावर प्रत्यक्ष लेखी परीक्षेची सोय ठेवली होती आणि ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. मात्र त्याच धोरणाच्या अठ्ठाविसाव्या कलमात एक वाक्य होते : नंतरच्या परीक्षेत मिळालेले गुणच अंतिम मानले जातील. काही विद्यार्थी आधीच्या सूत्राने चांगले उत्तीर्ण झाले होते आणि त्या निकालावर त्यांनी पुढचा प्रवेशही घेतला होता. गुण आणखी वाढतील म्हणून ते लेखी परीक्षेला बसले, तिथे त्यांना कमी गुण मिळाले, काही चक्क नापास झाले. त्या कलमाप्रमाणे त्यांचा आधीचा, उत्तीर्ण असलेला निकाल पुसला जात होता. गुण सुधारायला गेलेला विद्यार्थी हाती असलेला प्रवेश गमावण्याच्या बेतात आला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने ते कलम रद्द ठरवले आणि दोन निकालांपैकी ज्यात गुण अधिक, तो स्वीकारण्याचा पर्याय विद्यार्थ्यांना द्यावा, असा आदेश मंडळाला दिला. विशेष म्हणजे मंडळाने स्वतःच काही महिने आधी, मार्च २०२१ मध्ये, नेहमीच्या परीक्षांसाठी अशीच तरतूद केली होती : गुणसुधारासाठी बसलेल्या विद्यार्थ्याचे दोन्ही वेळच्या गुणांपैकी अधिक असलेले गुण धरायचे आणि ज्याचे गुण वाढले त्याला दोन्हींचे मिळून एकत्रित गुणपत्रक द्यायचे. करोनाच्या वर्षी ते संरक्षण काढून घेण्यामागे न्यायालयाला पटेल असे कारण मंडळाला देता आले नाही. ‘अधिक गुण तेच खरे’ ही तरतूद म्हणजे सवलत नव्हे, गुणसुधाराच्या कल्पनेचा तो कणाच आहे. सुधारणेसाठी दिलेल्या परीक्षेने आधीचे यश हिरावून घेतले, तर तिला सुधारणा म्हणता येत नाही. आज ‘गुण कमी झाले तरी आधीचे राहतात ना?’ असे पालक सहज विचारतात आणि बहुतेक ठिकाणी ‘हो’ असे उत्तर मिळते. त्या उत्तरासाठी मुलांना न्यायालयापर्यंत जावे लागले होते, हे विसरून चालणार नाही.

सीबीएसईच्या योजनेत आज दहावी आणि बारावीच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. बारावीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला त्याच वर्षीचा. मे महिन्याच्या सुमारास निकाल लागतो आणि जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. तिला पूर्वी ‘कंपार्टमेंट’ म्हणत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून २०२३ पासून ‘सप्लिमेंटरी’ हे नाव आले. या परीक्षेत बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला फक्त एका विषयात गुणसुधारासाठी बसता येते. दुसरा मार्ग पुढच्या वर्षीच्या मुख्य परीक्षेचा. तिथे एक किंवा अधिक, अगदी सर्व विषयसुद्धा, पुन्हा देता येतात. पण ही संधी उत्तीर्ण झाल्यानंतरच्या लगतच्या वर्षापुरतीच असते. विद्यार्थी त्या वेळी शाळेचा राहिलेला नसतो, म्हणून खासगी उमेदवार म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर आधीच्या वर्षाचा बैठक क्रमांक घालून त्याला स्वतःच अर्ज भरावा लागतो. शाळा आठवण करून देत नाही. अर्जाची मुदत चुकून संधी हुकण्याचे हे मोठे कारण असते.

दहावीसाठी २०२६ पासून चित्र पुष्कळ बदलले. मंडळाने जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या धोरणानुसार दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिली फेब्रुवारीच्या मध्यापासून. ती सर्वांना बंधनकारक आहे. दुसरी मे महिन्यात. ती ऐच्छिक आहे. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांपैकी कोणत्याही तीन विषयांपर्यंत गुण सुधारण्यासाठी दुसऱ्या परीक्षेला बसता येते. अभ्यासक्रम दोन्ही वेळी पूर्ण वर्षाचाच असतो. दोन्हींपैकी अधिक गुण ग्राह्य धरले जातात. त्यामुळे दहावीपुरती वेगळ्या पुरवणी परीक्षेची गरज उरली नाही. एक-दोन विषयांत अडकलेला विद्यार्थीही मे महिन्यातच बसतो, आणि अडकलेल्या विषयाबरोबर उत्तीर्ण विषयात गुणसुधारही करू शकतो.

या धोरणाबद्दल एक समज लवकर पसरला : दोन परीक्षा आहेत, तर फेब्रुवारीची सोडून एकदम मे महिन्यात तयारीने बसावे. तसे करता येत नाही. पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या परीक्षेला बसू दिले जात नाही. त्याला थेट पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीची वाट पाहावी लागते. म्हणजे मे महिन्यातली परीक्षा ही पहिलीची जागा घेणारी परीक्षा नाही. राज्य किंवा राष्ट्रीय स्तरावर खेळणाऱ्या खेळाडूंचा पेपर आणि सामना एकाच वेळी आला, तर त्या विषयांपुरती दुसऱ्या परीक्षेची सोय त्यांना आहे. ती खरोखर आवश्यक होती.

दुसरी गोष्ट शाळेने दिलेल्या गुणांची. सीबीएसईच्या दहावीत प्रत्येक मुख्य विषयाचे १०० गुण ८० आणि २० असे विभागलेले असतात. ८० गुणांची लेखी परीक्षा मंडळ घेते. २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन शाळा करते. त्यात नियतकालिक चाचण्या, वह्या, प्रकल्प आणि उपक्रम येतात. हे २० गुण वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या परीक्षेपूर्वी ठरतात आणि दुसऱ्या परीक्षेत तेच पुढे नेले जातात. सुधारणेला जो वाव आहे तो ८० गुणांच्या लेखी परीक्षेतच. बारावीतही खासगी उमेदवार म्हणून गुण सुधारणाऱ्याचे प्रात्यक्षिकाचे आधीचे गुण पुढे नेले जातात. विषय निवडताना हे ध्यानात न घेतल्यामुळेच अनेकांचा विषय चुकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब मांडता येईल. पुण्यातल्या एका सीबीएसई शाळेतील मुलीला फेब्रुवारीच्या दहावीच्या परीक्षेत मराठीत ८८, इंग्रजीत ८२, सामाजिक शास्त्रात ७४, विज्ञानात ७१ आणि गणितात ५८ गुण मिळाले. बेरीज ३७३, म्हणजे ७४.६ टक्के. तिच्या गणिताच्या ५८ गुणांत लेखीचे ३९ आणि अंतर्गतचे १९ आहेत. अंतर्गत गुण जवळपास पूर्ण आहेत; तिथे हलणारे काही नाही. लेखीत मात्र ८० पैकी ४१ गुण गेले आहेत. विज्ञानात लेखीचे ५२ आणि अंतर्गतचे १९, म्हणजे गेलेले गुण २८. मे महिन्यात ती या दोन विषयांना बसली. गणिताच्या लेखीत ५१ मिळाले. १९ अंतर्गत धरून ७० झाले. विज्ञानाचा पेपर मात्र बिघडला : लेखीत ४७, एकूण ६६. आता गणिताचे ७० धरले जातील आणि विज्ञानाचे आधीचे ७१ कायम राहतील. नवी बेरीज ३८५, म्हणजे ७७ टक्के. विज्ञानाच्या पेपराने तिचे काही बिघडवले नाही, पण तयारीचा जो वेळ तिकडे गेला तो गणिताला मिळाला असता. तीन विषय घेता येतात म्हणून तीन घेणे शहाणपणाचे असतेच असे नाही. फेब्रुवारीचा निकाल हाती येण्यापासून मे महिन्यातल्या पेपरापर्यंत जेमतेम काही आठवडे असतात, आणि त्यात नापास झाल्याची टोचणी नसल्यामुळे अभ्यासाला धारही कमी असते. गुणांची विभागणी गुणपत्रकावर छापलेली असते. कोणत्या विषयाच्या लेखीत किती गुण गेले आहेत ते वजाबाकी करून पाहिले, की बसण्याजोगा विषय कोणता ते बहुधा तिथेच दिसते.

आता बारावीकडे वळता येईल, कारण तिथे टक्केवारीच्या रेषा ठरलेल्या असतात आणि एकदोन गुणांनी दारे उघडतात किंवा बंद होतात. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी जेईईच्या क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळातील त्या प्रवर्गाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान, अशी अट असते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ती ६५ टक्क्यांची आहे. समजा, खुल्या प्रवर्गातील एका विद्यार्थ्याला सीबीएसईच्या बारावीत इंग्रजीत ७८, भौतिकशास्त्रात ६४, रसायनशास्त्रात ६८, गणितात ७२ आणि शारीरिक शिक्षणात ८६ गुण मिळाले. बेरीज ३६८, टक्के ७३.६. पाचशेपैकी ३७५ हवेत. सात गुण कमी पडले.

हा विद्यार्थी जुलैच्या पुरवणी परीक्षेत एकाच विषयाला बसू शकतो. भौतिकशास्त्रात ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते. त्याला प्रात्यक्षिकात २८ आणि लेखीत ३६ मिळाले आहेत. म्हणजे लेखीत ३४ गुण गेले. रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकाचे २७ आणि लेखीचे ४१, गेलेले २९. गणितात अंतर्गत १९ आणि ८० पैकी ५३, गेलेले २७. आकड्यांपुरते पाहिले तर भौतिकशास्त्रात वाव सर्वांत मोठा आहे. लेखीत ३६ चे ४५ झाले तरी विषयाचे गुण ७३ होतात, बेरीज ३७७ होते आणि टक्केवारी ७५.४ वर जाते. गणित इथपर्यंत सरळ आहे.

अडचण आहे ती तारखांची. पुरवणी परीक्षा जुलैच्या मध्यास होते आणि निकाल ऑगस्टच्या सुमारास येतो. आयआयटी-एनआयटीच्या सामायिक प्रवेशफेऱ्या जूनमध्ये सुरू होतात आणि ऑगस्टची वाट पाहत थांबत नाहीत. वाढलेले सात-नऊ गुण कागदावर येतात तेव्हा ज्या जागेसाठी ते मिळवले ती जागा दुसऱ्याला गेलेली असते. त्या वर्षीच्या प्रवेशासाठी हा मार्ग क्वचितच कामी येतो. पुढच्या वर्षी पुन्हा जेईई देणार असेल त्याला मात्र तो उपयोगी पडतो. अशा विद्यार्थ्यासमोर मग दुसरा पर्यायही असतो : पुढच्या वर्षीच्या मुख्य परीक्षेत दोन-तीन विषय पुन्हा द्यायचे आणि एकाच वेळी जेईईची तयारी करायची. दोन निकालांपैकी चांगला निकाल प्रवेशासाठी धरला जातो.

या मार्गाला एक कठोर मर्यादा आहे आणि ती अनेक घरांत उशिरा कळते. जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते, आणि हा काळ विद्यार्थी बारावीला पहिल्यांदा बसला त्या वर्षापासून मोजला जातो. गुणसुधाराला बसल्याने बारावीचे वर्ष नवे होत नाही. २०२४ मध्ये पहिल्यांदा बारावीला बसलेल्याने २०२६ मध्ये गुणसुधार केला, तरी जेईई ॲडव्हान्स्डच्या दृष्टीने तो २०२४ चाच राहतो. टक्केवारी सुधारते, पात्रतेचे वर्ष सुधारत नाही. ‘इम्प्रूव्हमेंट दिली की एक वर्ष वाढून मिळते’ असे सांगणारे खासगी शिकवणीवर्गांच्या आसपास भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्र राज्य मंडळाची योजना याहून वेगळ्या पद्धतीने मोजते : ती विषयांपेक्षा संधी मोजते. फेब्रुवारी-मार्चच्या दहावी किंवा बारावीच्या परीक्षेत सर्व विषयांसह प्रथमच उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला लगतच्या ठरावीक परीक्षांमध्ये श्रेणीसुधारासाठी बसता येते. २०२४ पर्यंत अशा दोनच संधी असत : त्याच वर्षीची पुरवणी परीक्षा आणि पुढच्या वर्षीची मुख्य परीक्षा. २०२५ मध्ये उत्तीर्ण झालेल्यांना मंडळाने तीन संधी दिल्या : जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. मंडळाच्या प्रकटनातला ‘लगतच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिली संधी घेतली नाही म्हणून चौथी मिळत नाही. घेतली असो वा नसो, तिन्ही ओळीने संपतात. पहिल्या वर्षी पदवी महाविद्यालयात जाऊन, दुसऱ्या वर्षी मन बदलून बारावीचे गुण सुधारू पाहणाऱ्याला ही वाढीव तिसरी संधी खरोखर आधार देते.

इथेही गल्लत व्हायची जागा ठरलेली आहे. राज्य मंडळाच्या दहावीत एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेतो. तो पुरवणी परीक्षेला बसतो ते उत्तीर्ण होण्यासाठी. त्याला श्रेणीसुधारचा अर्ज लागू होत नाही. शाळेतून अर्ज भरताना उमेदवाराचा प्रकार निवडावा लागतो, आणि तिथे चुकीचा प्रकार निवडला गेला तर दुरुस्तीसाठी विभागीय मंडळापर्यंत धावाधाव होते. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, लातूर आणि कोकण अशा नऊ विभागीय मंडळांतून हा कारभार चालतो. विद्यार्थ्याने ज्या शाळेतून मूळ परीक्षा दिली, तिथले कार्यालय हीच या कामाची पहिली पायरी. अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत घेऊन उमेदवाराचा प्रकार, विषय आणि माध्यम स्वतः वाचून पाहणे एवढी काळजी घेतली तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

आयसीएसई आणि आयएससी परीक्षा घेणाऱ्या सीआयएससीई या परिषदेने २०२४ पासून कंपार्टमेंट परीक्षाच बंद केली आणि त्याऐवजी त्याच वर्षी जुलैमध्ये गुणसुधार परीक्षा ठेवली. त्यात जास्तीत जास्त दोन विषयांना बसता येते. सीमेपलीकडे, बेळगावसारख्या जिल्ह्यांत मराठी माध्यमातून एसएसएलसी देणाऱ्या मुलांना कर्नाटकाची पद्धत लागू होते, आणि ती सगळ्यांत मोकळी आहे. तिथे २०२४ मध्ये एकाच वर्षात परीक्षा १, परीक्षा २ आणि परीक्षा ३ अशा तीन परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली. नापास आणि गुण वाढवू इच्छिणारे दोघेही त्यांत बसतात आणि विद्यार्थ्याला सर्वांत चांगले गुण राखता येतात. ‘पुरवणी’ या शब्दाला चिकटलेला कमीपणा त्या क्रमांकांनी बराचसा पुसून टाकला, हे त्या पद्धतीचे मोठे यश म्हणावे लागेल.

कागदपत्रांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण गुण वाढल्यावर अडचण तिथे येते. सीबीएसईच्या दहावीच्या विद्यार्थ्याला पहिल्या परीक्षेचा निकाल डिजिलॉकरवर मिळतो आणि तो अकरावीच्या प्रवेशासाठी वापरता येतो. पण उत्तीर्णतेची अंतिम कागदपत्रे आणि गुणवत्ता प्रमाणपत्र दुसऱ्या परीक्षेच्या निकालानंतरच दिली जातात. पहिला निकाल एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये, असे वेळापत्रक धोरणात ठरवले आहे. महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. अर्जात दहावीचे गुण एकदा नोंदवून अर्ज निश्चित केला, की गुणवत्ता यादी त्या गुणांवर लागते. सुधारलेले गुण त्यानंतर आले तर त्या फेरीला त्यांचा उपयोग नसतो. म्हणून दुसऱ्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याने आधीच्या गुणांवर अर्ज भरून ठेवावा आणि नवा निकाल आल्यावर, पुढच्या फेरीपूर्वी अर्जात बदलाची मुभा असेल तेव्हा, गुण बदलून घ्यावेत. वाट पाहत अर्जच न भरणे हा सर्वांत महाग पडणारा निर्णय ठरतो.

गुण वाढल्यावर जुने गुणपत्रक फाडून टाकू नये, हेही सांगायला हवे. प्रवेशाच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या अर्जात किंवा पुढे परदेशी विद्यापीठात कागदपत्रांची पडताळणी होताना मूळ परीक्षेचे वर्ष आणि बैठक क्रमांक विचारला जातो, आणि तो जुन्या गुणपत्रकावरच असतो. दोन्ही कागद एकत्र ठेवलेले बरे.

प्रश्न उरतो तो असा, की एवढे करून बसावे कोणी. पुढच्या प्रवेशासाठी ठरलेली टक्केवारी थोडक्यात हुकली आहे, गेलेले गुण एक-दोन विषयांच्या लेखीत साचलेले आहेत, आणि सुधारलेला निकाल प्रवेशाच्या तारखेपूर्वी हाती येणार आहे, अशा विद्यार्थ्याला ही परीक्षा खरोखर उपयोगाची आहे. राज्यातील अभियांत्रिकीच्या प्रवेशाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि मागासवर्गीयांसाठी ४० टक्के लागतात. सीईटीत चांगले गुण असूनही या रेषेखाली राहिलेल्याला एका विषयाच्या सुधारणेने मार्ग मिळतो. वैद्यकीय प्रवेशाला नीटबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत मिळून खुल्या प्रवर्गात ५० टक्के हवेत; तिथेही तसेच. उलट ज्याचा पुढचा प्रवेश केवळ प्रवेशपरीक्षेच्या क्रमांकावर ठरतो आणि बारावीची किमान अट ज्याने आधीच ओलांडली आहे, त्याने ८१ चे ८४ करण्यासाठी उन्हाळा घालवू नये. तो वेळ त्याला प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला हवा असतो.

अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक स्वतः वाचावे. मागच्या वर्षी शेजारच्या मुलाने काय केले यावर जाऊ नये. राज्य मंडळाच्या संधी २०२४ मध्ये दोन होत्या आणि २०२५ मध्ये तीन झाल्या; सीबीएसईच्या दहावीला पुरवणी परीक्षेत दोन विषय सुधारता येत होते, ते २०२६ पासूनच्या धोरणात तीन झाले. परिपत्रकात कोणती तीन वाक्ये शोधायची ते ठरलेले आहे : कोण पात्र, किती विषय, आणि कोणते गुण ग्राह्य. यांतले तिसरे वाक्य ‘दोहोंपैकी अधिक असलेले गुण’ असे स्पष्ट छापलेले दिसले, तरच शुल्क भरावे.